छोट्या बैठकीसाठी टीपॉय: लांबट, गोल, लंबगोल की खणांचा?

टीपॉय घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो सामानाचा. खोली लहान, तेव्हा टेबलाच्या पोटात रिमोट, चार्जर, मासिकं, एखादी पांघरायची शाल मावली तर बरं. विचार साहजिक आहे. तरीही लहान बैठकीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा असं मी सांगेन, कारण टेबलाखाली आपल्याला जी मोकळी जागा दिसते ती प्रत्यक्षात बसलेल्यांच्या पायांनी आधीच घेतलेली असते.

मोघम बोलण्यापेक्षा एक बैठक समोर घेऊ. सोफ्यामागच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत अंतर २७० सेंटीमीटर. सोफा १६५ लांब आणि ८५ खोल, त्याची डावी बाजू भिंतीला टेकलेली. समोर टीव्हीचं युनिट, ४० खोल. त्या युनिटपुढूनच खिडकीकडे जायची वाट आहे, म्हणजे दिवसातून दहा वेळा तिथून कुणीतरी जाणार.

आधी वजाबाकी

२७० मधून ८५ आणि ४० गेले की उरतात १४५. या १४५ मध्ये तीन गोष्टी बसवायच्या आहेत: सोफा आणि टेबल यांच्यामधली फट, टेबलाची रुंदी आणि पलीकडची वाट. फट साधारण ३५ ते ४५ ठेवतात. त्याहून कमी असेल तर बसताना पोटऱ्या घासतात, आणि जास्त असेल तर कप ठेवायला दर वेळी पुढे सरकावं लागतं. वाट ७५ ते ९० असली तर उत्तम. ६० मध्ये एक माणूस सरळ चालू शकतो, त्याखाली तिरकं व्हावं लागतं.

फट ३५ आणि वाट ६०, दोन्ही अगदी किमान धरले तर टेबलाला मिळतात ५० सेंटीमीटर. दुकानात समोर येणारी बरीचशी टेबलं ६० ते ७० रुंद असतात. तिथल्या मोठ्या दालनात ती अंगापिंडानं बेताची वाटतात, घरी आली की वाट अडवतात.

लांबीसाठी सोफ्याच्या दोन-तृतीयांश हा नेहमीचा ठोकताळा आहे. १६५ ला तो ११० येतो. इथे मी १०० वर थांबेन, कारण डावीकडच्या, भिंतीलगतच्या जागेवर जाणारा माणूस टेबल आणि सोफा यांच्यामधूनच जाणार आहे.

| टेबल | माप (सेमी) | सोफ्याकडची फट | वाट |
|---|---|---|---|
| लांबट, चार उघडे पाय | १०० × ५० | ३५ | ६० |
| लंबगोल, उघडे पाय | १०० × ५० | ३५, टोकांकडे जास्त | ६० |
| गोल | ७० व्यास | ३५ | ४० |
| लांबट, जमिनीपर्यंत बंद पेटी | १०० × ५० | ४५ | ५० |

शेवटच्या ओळीत तेवढ्याच मापाच्या टेबलाला फट ४५ का द्यावी लागते, ते साठवणीपाशी सांगतो.

आकार: कोपऱ्यांचा हिशेब

लहान जागेला गोल टेबल, असा सल्ला सर्रास मिळतो. सोफा आणि खुर्च्या साधारण चौरसात मांडलेल्या असतील तर तो चांगला आहे, कारण सगळ्यांना सारखं अंतर मिळतं आणि कोपरा कुणाच्याच गुडघ्याला लागत नाही. आपली बैठक मात्र लांबट पट्टी आहे. ७० व्यासाचा गोल तिथे मध्यावर वाट ४० वर आणतो. ५० व्यासाचा घेतला तर वाट सुटते, पण सोफ्याच्या दोन टोकांना बसलेल्यांना तो तिरकं वाकून गाठावा लागतो आणि त्यावर एक ट्रे ठेवला की टेबल भरलं.

गोल टेबल घ्यायचंच असेल तर पाय बघा. तीन पाय दिसायला हलके असतात आणि खडबडीत फरशीवरही डुगडुगत नाहीत. पण पाय अगदी कडेला लावलेले असले, तरी दोन पायांच्या मधोमध टेबलाचा आधार केंद्रापासून फक्त अर्ध्या त्रिज्येपर्यंत पोचतो. चार पायांत तो त्रिज्येच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून दुकानात दोन पायांच्या बरोबर मध्ये, कडेवर तळवा ठेवून वजन टाकून बघा. पलीकडचा पाय जमिनीवरून उचलला गेला, तर सोफ्यावरून उठताना त्या कडेवर हात टेकणारे आजोबा किंवा मूल टेबलासकट कलंडणार.

लांबट आणि लंबगोल यांच्यात खरी चुरस आहे. १०० बाय ५० चा लंबगोल त्याच मापाच्या आयतापेक्षा सुमारे एक-पंचमांश लहान भरतो, म्हणजे ठेवायची जागा तेवढी गेली. बदल्यात काय मिळतं? टोकाच्या १० सेंटीमीटर अलीकडे लंबगोलाची कड आयताच्या कडेपेक्षा १० सेंटीमीटर आत वळलेली असते. ३५ ची फट तिथे ४५ होते, आणि आत शिरणारा माणूस नेमका तिथूनच वळतो. सोफा एका बाजूने भिंतीला टेकलेला असताना मी हा सौदा डोळे मिटून करेन. सोफ्याच्या दोन्ही बाजू उघड्या असतील, प्रत्येक जण आपापल्या टोकाकडून बसत असेल, तर आयत घ्या आणि जास्तीची जागा वापरा. कोपरे किंचित गोलवलेला आयत मात्र मधला मार्ग म्हणून मिरवत असला, तरी दोन-तीन सेंटीमीटरच्या गोलाईनं खरचटणं कमी होतं, फट वाढत नाही.

उंची

उंची मोजताना बहुतेकांची एकच चूक होते: रिकाम्या सोफ्याची बैठक मोजली जाते. आपल्या सोफ्याची बैठक रिकामी असताना ४३ आहे. माणूस बसला की गादी चार सेंटीमीटर दबते आणि खरी उंची ३९ उरते. टेबल बैठकीच्या बरोबरीचं किंवा तिच्यापेक्षा दोन-चार सेंटीमीटर खाली असावं म्हणतात, ते या दबलेल्या उंचीच्या हिशेबानं. इथे ३५ ते ३९. दुकानात सर्रास मिळणारं ४५ चं टेबल ३५ च्या फटीत घातलं, की त्याची कड गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली येते. मोठ्या फटीत ते चालून जातं, लहान फटीत तिथेच निळं पडतं.

घरात जमिनीवर बसून चित्रं काढणारी, पत्ते खेळणारी मंडळी असतील, तर ३० ते ३५ चं टेबल त्यांना सोयीचं. सोफ्यावरून मात्र दर घोटाला वाकावं लागेल. सोफ्यावर बसूनच जेवायचं किंवा लॅपटॉपवर लिहायचं असेल, तर लागते ६० ते ६५ ची उंची, आणि ती कुठलाही साधा टीपॉय देत नाही.

पोटातली जागा

आता ती शेवटची ओळ. बसलेल्या माणसाचे गुडघे सोफ्याच्या कडेपुढे दहा-पंधरा सेंटीमीटर येतात, आणि आरामात बसला की पावलं आणखी पुढे जातात. टेबलाला उघडे पाय असतील तर ही पावलं टेबलाखाली शिरतात आणि ३५ ची फट पुरते. जमिनीपर्यंत बंद पेटी असेल तर ती पेटीला अडतात. मग घरची माणसं नकळत पायानं टेबल ढकलत राहतात आणि आठवड्याभरात फट ४५ होते. तेवढे १० सेंटीमीटर वाटेतून जातात. साठवणीची किंमत ती ही.

खण असतील तर ते कुठल्या बाजूला उघडतात ते पाहा. सोफ्याकडे उघडणारा ३० सेंटीमीटरचा खण ३५ च्या फटीत, त्यात गुडघे पुढे आलेले: बसल्या जागी तो पुरता उघडत नाही. उठा, बाजूला व्हा, मग उघडा. अशा खणात महिन्याभरात फक्त जुन्या बॅटऱ्या आणि हरवलेल्या किल्ल्या उरतात. टोकाला उघडणारे खण, किंवा आरपार सरकून दोन्हीकडे उघडणारे, इथे कामाचे.

वर उचलला जाणारा टॉप मोहात पाडतो, कारण उंचीचा आणि साठवणीचा प्रश्न तो एकदम सोडवतो. टॉप ६० च्या आसपास येतो आणि वर येताना सोफ्याकडेही सरकतो, त्यामुळे एकट्यानं काम करायला तो खरोखर छान. पण खालचा भाग जवळजवळ नेहमी पेटीच असतो, म्हणजे ४५ ची फट आलीच. टॉप पुढे आलेला असताना आतला माणूस अडकतो, शेजारच्याला बाहेर पडायचं तर आधी लॅपटॉप मिटवा. शिवाय तो उचलायचा म्हणजे वरचं सामान बेताचंच हवं. फुलदाणी आणि पुस्तकांचा गठ्ठा ठेवणाऱ्यांनी याच्या नादी लागू नये. घेण्यापूर्वी टॉप निम्म्यावर आणून हात अलगद सोडा. तो थांबला किंवा सावकाश खाली आला तर ठीक, धाडकन पडला तर लहान बोटांच्या घरात तो नको. पूर्ण वर असताना पुढच्या कडेवर कोपर टेकून बघा, हलकी टेबलं तिथे पुढे झुकतात.

पुफ हा पेटीचाच मऊ भाऊ. गुडघ्याला लागत नाही, पाहुणा आला तर त्यावर बसतो. पण कप ठेवायला ट्रे हवा, आणि झाकण उघडायचं तर आधी ट्रे उचलायचा.

माझं मत ज्या साठवणीला पडतं ती दिसायला सगळ्यात साधी आहे: उघड्या पायांमधली खालची फळी, टॉपपेक्षा चारही बाजूंनी दहा सेंटीमीटर आत घेतलेली आणि जमिनीपासून पंधरा वर. पावलांना कडेखाली जागा राहते, खालून झाडू फिरतो, मासिकं आणि एक टोपली मावते. धूळ दिसते, हे खरं. फळी टॉपएवढीच रुंद असेल तर मात्र ती पावलांना पेटीसारखीच अडवते.

तेव्हा या बैठकीसाठी माझी निवड: १०० बाय ५० चा लंबगोल, उंची ३८, चार पाय, आत घेतलेली फळी. दुसरी पसंती एकात एक सरकणाऱ्या दोन टेबलांना, मोठं ५० रुंद. धाकटं एरवी त्याच्या पोटात राहतं, पाहुणे आले की बाहेर येतं, आणि वाट फक्त त्या संध्याकाळपुरती अडते.

पैसे देण्याआधी जमिनीवर मास्किंग टेपनं टेबलाची बाह्यरेषा आखा, मध्ये त्या उंचीचं खोकं ठेवा आणि दोन दिवस तसंच वावरा. रात्री दिवा न लावता खिडकीकडे जाऊन बघा. खोक्याला दर वेळी पाय लागत असेल, तर मधलं टेबल विसरा आणि सोफ्याच्या हाताशी, ज्याचा पाय सोफ्याखाली सरकतो असं एक अरुंद टेबल घ्या. त्यासाठी सोफ्याखाली किती मोकळी जागा आहे ते आधी मोजा. काही सोफ्यांचं तळकाठ जमिनीला इतकं लागून असतं की पायाची पट्टी आत शिरतच नाही.