पाणवठ्यावरची गोगलगाय: औषध टाकायचं, गवत काढायचं की कोळंबी सोडायची?

सेनेगल नदीच्या मुखाजवळ १९८६ मध्ये डियामा धरण पूर्ण झालं. समुद्राचं खारं पाणी नदीत शिरायचं थांबलं, ऊस आणि भातासाठी कालवे वर्षभर भरलेले राहू लागले. दोनच वर्षांत, १९८८ मध्ये, रिशार्-तोल या साखर कारखान्याच्या गावात आतड्याच्या शिस्टोसोमियासिसचे, म्हणजे बिल्हार्झियाचे, पहिले रुग्ण सापडले आणि मग साथच पसरली. कारण पाण्यातच होतं. या रोगाचे कृमी गोगलगायीच्या शरीरात वाढतात, तिथून पाण्यात सुटतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. त्यांना वाढवणाऱ्या बायोम्फलॅरिया जातीच्या गोगलगायीला असं गोडं, संथ, बारमाही पाणी मानवतं. कालव्याकाठच्या अशा एखाद्या गावाच्या पाणवठ्याचा निर्णय तुमच्या हातात असेल, तर पुढची तुलना कामी येईल.

प्राझिक्वांटेल गोळीचा प्रश्न इथे नाहीच. वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम या हिशोबाने ती द्यायचीच आहे. पण ती शरीरातले प्रौढ कृमी मारते. काही आठवड्यांच्या कोवळ्या कृमींवर तिचा फारसा परिणाम होत नाही. आज गोळी घेतलेलं मूल उद्या त्याच पाण्यात उतरलं, तर नवे कृमी आत शिरायला काही मिनिटं पुरतात. रिशार्-तोलमध्ये सुरुवातीला गोळ्या देऊनही बरे होणाऱ्यांचं प्रमाण फार कमी दिसलं, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. म्हणून गोळीच्या जोडीला गोगलगायीचं काय करायचं, हा खरा निर्णय.

त्याआधी तुमच्या पाणवठ्यावर संसर्ग खरंच पसरतोय का, ते बघा. जाळीच्या झाऱ्याने काठचं गवत आणि चिखल खरवडून गोगलगायी गोळा करा. हातात रबरी मोजे आणि पायात उंच गमबूट हवेतच. प्रत्येक गोगलगाय वेगळ्या काचेच्या नळीत, क्लोरीन नसलेल्या स्वच्छ पाण्यात ठेवा आणि सकाळी एक-दोन तास उजेडात राहू द्या. मग भिंगातून बघा. शेपटीला टोकाशी दोन फाटे असलेले बारीक जीव वरखाली पोहताना दिसले, तर ते सर्केरिया, म्हणजे कातडीतून आत शिरणारी कृमींची पिल्लं, असू शकतात. गुराढोरांच्या आणि पक्ष्यांच्या कृमींचे सर्केरियाही असेच दिसतात, त्यामुळे जात ठरवायला जाणकाराची मदत घ्या. बाधित गोगलगाय दिवसाला शेकडो ते हजारो सर्केरिया सोडते, त्यामुळे शंभरात एखादीच बाधित निघाली तरी तो पाणवठा धोक्याचा असतो.

गोगलगाय ओळखणं हेही महत्त्वाचं. १९५२ मध्ये आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांमध्ये हा रोग आढळला, तेव्हा त्याचा यजमान निघाली फेरिसिया टेन्युइस, टोपीसारखं कवच असलेली चिमुकली गोगलगाय. फक्त गुंडाळलेल्या शंखाच्या गोगलगायी शोधणाऱ्याच्या नजरेतून ती सहज निसटली असती.

आता तीन पर्याय बघू. पहिला, निक्लोसामाइड हे गोगलगायनाशक. साचलेल्या पाण्यात ते सुमारे १ मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवून चोवीस तास राहू देतात. समजा पाणवठ्याशेजारचं डबकं ३० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर खोल आहे. म्हणजे ३०० घनमीटर पाणी, म्हणून ३०० ग्रॅम औषध. ५० टक्क्यांची भुकटी असेल तर ६०० ग्रॅम. एका माणसाच्या पाठीवरच्या फवारणी पंपाने हे काम एका सकाळीत होतं. पण तेच वाहत्या कालव्यात करायचं म्हटलं तर हिशोब बदलतो. सेकंदाला ०.२ घनमीटर पाणी वाहतंय आणि हीच मात्रा आठ तास टिकवायची आहे, असं धरा. ५,७६० घनमीटर पाण्याला औषध पुरवावं लागतं, म्हणजे तीच भुकटी साडेअकरा किलो. दर काही महिन्यांनी एवढं औषध आणायला कोणाकडे पैसे असतात?

परत परत टाकावं लागतं याला कारण आहे. चिखलात घुसलेल्या गोगलगायींपर्यंत औषध नीट पोचत नाही. शिवाय या गोगलगायी उभयलिंगी असतात. एकटी उरली तरी स्वतःच्या बीजाने अंडी घालू शकते. काही महिन्यांत संख्या पूर्ववत. आणि त्याच मात्रेला मासे मरतात. जिथे गाव त्याच पाण्यातले मासे खातं, तिथे हा निर्णय गावाशी बोलून घ्यावा लागतो. नाहीतर पुढच्या फवारणीला कोणी पाण्याजवळ फिरकू देणार नाही.

दुसरा पर्याय गवत काढण्याचा, आणि माझा कल इकडे आहे. खतं वाहून आलेल्या पाण्यात सेराटोफायलम हे पाणगवत माजतं, त्यावर शेवाळ धरतं, आणि गोगलगायी तेच खरवडून खातात. गवत उपसलं की त्यांचं अन्न आणि आडोसा दोन्ही जातं. सेनेगलच्या याच खोऱ्यात १६ गावांवर तीन वर्षं चाललेल्या चाचणीत पाणवठ्यांवरचं गवत काढलं गेलं. त्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला: अशा गावांतल्या शाळकरी मुलांमध्ये आतड्याच्या प्रकाराचा संसर्ग कमी झाला. काढलेलं गवत मेंढ्यांना घालता येतं, त्याचं कंपोस्टही होतं. औषधाच्या खर्चासारखा हा खर्च पाण्यात विरून जात नाही.

याच्याही मर्यादा आहेत. गवत पुन्हा वाढतं, म्हणून दर काही महिन्यांनी उपसावं लागतं. उपसणारा माणूस बाधित पाण्यात तासन्‌तास असतो, म्हणून छातीपर्यंतचा रबरी पोशाख आणि नंतर गोळी ही खर्चाच्या यादीत धरा. सर्केरिया उजेडात जास्त सुटतात आणि भर दुपारी त्यांची संख्या सर्वांत जास्त असते, तेव्हा काम पहाटेच उरका. आणि ज्या काठावर गवतच नाही, दगडाला आणि काठ्याकाटक्यांना चिकटलेल्या गोगलगायी आहेत, तिथे हा उपाय फारसा चालत नाही.

तिसरा पर्याय कोळंबीचा. धरणाआधी नदीत मॅक्रोब्रॅकियम ही गोड्या पाण्यातली कोळंबी होती. ती गोगलगायी खाते, पण तिच्या पिलांना निमखारं पाणी लागतं, आणि धरणाने तोच रस्ता बंद केला. लांप्सार गावात जाळीच्या कुंपणात कोळंबी सोडून प्रयोग झाला. गोगलगायी आणि संसर्ग दोन्ही घटले. मात्र कोळंबी तिथे अंडी घालून वाढत नाही, ती वारंवार आणून सोडावी लागते, आणि जाळ्यांवर शेवाळ चढतं, त्या फाटतात. कोळंबी विकून पैसे मिळवण्याची तयारी असलेला गट गावात असेल तरच याचा विचार करा. सरकारी योजनेच्या भरवशावर ही जाळी वर्षभर टिकेल असं मला वाटत नाही.

तेव्हा माझी निवड अशी राहील. वाहत्या कालव्यावर, गवत असेल तर गवत काढा आणि त्याच आठवड्यात गावाला गोळ्या द्या. बंद, छोटं, मासे न पाळलेलं डबकं असेल, तर पाणी सर्वांत कमी असताना निक्लोसामाइड टाका. तेव्हा औषधही कमी लागतं. दोन्ही प्रकारचे पाणवठे असतील तर दोन्ही करा. काम झाल्यावर त्याच जागी, तेवढाच वेळ, तोच झारा वापरून दर महिन्याला गोगलगायी मोजा आणि उजेडाची चाचणी परत करा. संख्या घटली पण बाधित गोगलगायींचं प्रमाण तसंच राहिलं, तर कृमींची अंडी असलेला मैला किंवा लघवी अजूनही पाण्यात पोचते आहे असं समजून शौचालयांकडे वळा.