मोर की कमळ: हाराची दोन रेखाटनं शेजारी ठेवून

पाचपाखाडीतल्या एक काकू लेकीला घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या हातात हाराची दोन रेखाटनं होती. दोन्ही वेगवेगळ्या कारागिरांनी काढलेली, दोन्ही देखणी. लेकीचं लग्न मे महिन्यात, बावीस कॅरेटचं चाळीस ग्रॅम सोनं बाजूला काढून ठेवलेलं. प्रश्न एवढाच की यातलं कुठलं करायला टाकायचं. नौपाड्यात बसून मी वर्षानुवर्षं हेच काम करते, म्हणजे दागिना घडण्याआधी त्याचं कागदावरचं रूप तपासून देते. दोन रेखाटनांमध्ये अडकलेल्या दुसऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून त्या दिवशी काय काय मोजलं ते लिहिते.

पहिल्या रेखाटनात सोळा इंची हार आहे. मधोमध साडेसात सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर उंच असं एक पदक, त्यात समोरासमोर दोन मोर, त्यांच्यामध्ये कलश आणि खाली वेल. पदकाखाली दीड सेंटिमीटर लोंबते मोती, दोन्ही बाजूंना चार चार जाळीदार तुकडे. दुसरं रेखाटन सतरा इंची. सोन्याच्या पोकळ मण्यांचे दोन सर आणि मध्ये कमळाचं एकच पदक, सव्वाचार सेंटिमीटर रुंद, पावणेचार उंच, खाली एक सेंटिमीटरचा लोलक. पहिल्या नजरेत लेकीला मोर आवडले होते, आणि ते साहजिकच होतं. कागदावर मोरांचं रेखाटन जास्त भरलेलं दिसत होतं.

पण हार कागदावर घालायचा नसतो, तो एका ठरावीक ब्लाउजच्या गळ्यात बसायचा असतो. म्हणून मी आधी शिंप्याचं माप विचारलं. पुढचा गळा सात इंच, असं उत्तर आलं. इथेच बऱ्याच जणींची गल्लत होते. शिंपी हे माप खांद्यापासून घेतो, आणि हार मात्र गळ्याच्या खळगीखाली बसतो. तिच्या अंगावर मोजलं तर खळगीपासून ब्लाउजच्या काठापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर मोकळी जागा निघाली. हाराला मिळणारी जागा एवढीच.

मग सोळा इंचांचा दोरा तिच्या गळ्यात घातला. त्याचा मधला बिंदू खळगीच्या दीड सेंटिमीटर खाली आला. त्याखाली सहा सेंटिमीटरचं पदक आणि दीड सेंटिमीटरचे मोती धरले, की मोरांचा हार नऊ सेंटिमीटरवर संपतो. काठापर्यंत एकच सेंटिमीटर उरतो. प्रत्यक्षात तोही उरणार नाही, कारण जड पदक हाराची गोलाई खाली ओढून तिचा टोकदार आकार करतं आणि मोती ब्लाउजच्या जरीत अडकायला लागतात. कमळाच्या हाराचा दोरा एक इंच जास्त लांब आहे. हाराची लांबी दोन्ही बाजूंना वाटली जाते, त्यामुळे एक इंच वाढवलं तर मध्यभाग साधारण अर्धाच इंच खाली येतो. म्हणजे इथे सुरुवात खळगीखाली पावणेतीन सेंटिमीटरवर आणि शेवट साडेसातच्या आसपास. खाली सुमारे अडीच सेंटिमीटर त्वचा मोकळी राहते. माझ्या मते हार आणि काठ यांच्यामध्ये मोकळ्या जागेचा निदान चौथा हिस्सा तरी राहिला पाहिजे, नाहीतर हाराचा घाट कपड्याच्या नक्षीत मिसळून जातो. पैठणीचा ब्लाउज असेल तर हे जास्तच जाणवतं, कारण काठावर आधीच जर आहे.

साडेसात सेंटिमीटर रुंदीचा प्रश्न उंचीपेक्षा मोठा निघाला. कागद सपाट आहे, छाती आणि गळ्याची हाडं सपाट नाहीत. एवढं रुंद पदक एकाच अखंड पत्र्याचं केलं तर ते हाडांवर दोन टोकांनी टेकतं आणि मधून अंगापासून सुटून उभं राहतं. मी रेखाटनाची त्याच मापाची प्रत काढली, जाड पुठ्ठ्यावर चिकटवली, कापली आणि तिच्या गळ्यापाशी धरली. पुठ्ठ्यामागे बोट सहज शिरत होतं. मोरांचा हार करायचाच असेल तर पदकाचे तीन भाग पाडून मध्ये बारीक बिजागऱ्या द्याव्या लागतील, आणि मग मोराच्या मानेतून सांधा जाणार नाही अशी नक्षी नव्याने बसवावी लागेल. कमळाचं पदक सव्वाचार सेंटिमीटरचं असल्यामुळे ते मागून जरा बाकदार ठोकलं तरी पुरेल.

आता वजन. रेखाटनावर कारागिराने 'अंदाजे चाळीस ग्रॅम' असं लिहिलेलं असतं, पण ते कागदावरूनच पडताळता येतं. आलेख कागद घ्या, रेखाटनाची त्याच मापाची प्रत त्यावर ठेवा आणि जिथे खरोखर धातू येणार आहे ते चौकोन मोजा. मोरांच्या पदकात जाळीची भोकं वजा जाता सव्वीस चौरस सेंटिमीटर सोनं भरलं. बावीस कॅरेट सोन्याचा एक घनसेंटिमीटर साधारण साडेसतरा ते अठरा ग्रॅम भरतो, आपण १७.७ धरू. पत्रा ०.८ मिलिमीटर, म्हणजे ०.०८ सेंटिमीटर जाडीचा ठेवला, तर २६ × ०.०८ × १७.७, म्हणजे नुसतं पदकच जवळपास ३७ ग्रॅमचं झालं. बाजूचे आठ तुकडे, कड्या आणि मागची साखळी अजून बाकीच आहेत.

चाळीस ग्रॅममध्ये बसवायचं तर कारागीर पत्रा पातळ करणार. ०.५ मिलिमीटरवर आणलं तर पदक २३ ग्रॅम, बाजूचे तुकडे मिळून २१, साखळी आणि कड्या नऊ. तरीही बेरीज ५३ होते. चाळीसपर्यंत यायला आणखी पातळ करावं लागेल, आणि मग दागिना पेटीतून काढताना बोटाच्या दाबाने पत्रा दबतो, जाळीच्या कडा वाकतात, मिठी मारली तरी पदकाला पोचा येतो. म्हणून मी काकूंना सरळ सांगितलं, की हा चाळीस ग्रॅमचा दागिना नाहीच, हा पंचावन्न-साठ ग्रॅमचा दागिना चाळीसमध्ये काढून दाखवलाय. एक वाट मात्र आहे. हेच डिझाइन त्याच ०.५ मिलिमीटर जाडीत चांदीत करून वर सोन्याचा मुलामा दिला, तर चांदी सोन्यापेक्षा बरीच हलकी असल्यामुळे वजन तीस-बत्तीस ग्रॅमवर येतं. लग्नाचा दागिना पुढे मोडीत घालायचा नसेल, तर हा पर्याय वाईट नाही.

कमळाच्या पदकात धातू भरतो अकरा चौरस सेंटिमीटर. पूर्ण ०.८ जाडीत ते साडेपंधरा ग्रॅम होतं. तीन मिलिमीटरच्या पोकळ मण्यांचा शंभर मण्यांचा सर साधारण नऊ ग्रॅमचा, असे दोन म्हणजे अठरा. मागची साखळी पाच धरली, की साडेअडतीस. इथे काही पातळ करावं लागत नाही.

पण आकडा कळला म्हणजे भार कळला असं नाही. त्यासाठी मी एक साधी गोष्ट करायला सांगते. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. एका सुती पट्टीवर नाणी टाका आणि ती पट्टी गळ्यात बांधून संध्याकाळभर घरात वावरा. कमळासाठी पाच नाणी, दोन मध्यभागी आणि बाकीची बाजूंना. मोरांसाठी सात, त्यातली तीन मध्यभागी. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. म्हणाली, "ताई, सात नाणी जड नाही वाटली, पण मागे मानेला दोरी रुतली." अगदी बरोबर. भार पुढे असतो आणि तो पेलते मागची साखळी. मोरांच्या रेखाटनात मागे दोन मिलिमीटरची बारीक साखळी काढली होती, कारण रेखाटन करणारा मागच्या बाजूकडे फारसं पाहत नाही.

तिसरी गोष्ट नक्षीची, आणि इथे दोन्ही रेखाटनं मला पूर्ण पटली नाहीत. मोरांच्या पिसाऱ्यात अठरा मिलिमीटरमध्ये अकरा पिसं आहेत. म्हणजे एक पीस आणि त्यालगतची फट मिळून दीड मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. पेन्सिलीने ते सुंदर दिसतं, कारण पेन्सिल छटा देते. सोन्याला छटा नसते, उंच-सखल असतं. ओतकामात बारीक फटी बुजतात आणि पॉलिशच्या चाकावर उरलेल्या कडाही गोल होतात. मी दोन्ही रेखाटनांचे फोटो मोबाइलवर लहान करत करत नखाएवढे केले. मोर दिसेनासे झाले, राहिली नुसती जाळी. हॉलमध्ये चार हातांवरून माणूस जे पाहणार ते साधारण हेच.

कमळ मात्र नखाएवढं झाल्यावरही दिसत होतं. फक्त ते कमळ वाटत नव्हतं, सूर्यफूल वाटत होतं. कारागिराने वरून पाहिलेलं उमललेलं फूल काढलं होतं, नऊ सारख्या रुंदीच्या पाकळ्या आणि मध्ये लाल खडा. असं फूल कुठलंही असू शकतं. कमळ ओळखू येतं ते बाजूने पाहिल्यावर: मधली पाकळी उंच आणि टोकदार, शेजारच्या दोन जराशा वाकलेल्या, कडेच्या दोन बाहेर उघडलेल्या. पाचच पाकळ्या, आणि दोन पाकळ्यांमध्ये पॉलिशनंतरही उरेल अशी पूर्ण एक मिलिमीटरची फट. खडा खाली पाकळ्यांच्या बुडाशी उतरवला, की नजर आधी आकाराकडे जाते आणि मग खड्याकडे.

रेखाटनात अजून एक चूक होती, जी घातल्यावरच कळली असती. पदकाच्या दोन्ही कड्या मध्याच्या जरा खाली काढल्या होत्या. पदक मध्याखाली धरलं तर वरचा भाग जड होऊन ते पुढे मान टाकतं आणि फूल जमिनीकडे पाहतं. कड्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात आणि शक्य तितक्या कडेला घेतल्या, की पदक सरळ लटकतं आणि गरगरतही नाही.

काकूंनी मंगळसूत्राचं विचारलं, ते बरं झालं. लग्नात हारासोबत ते असणारच. लेकीच्या छोट्या मंगळसूत्राच्या वाट्या ज्या उंचीवर येतात, तिथेच मोरांचा कलश येत होता. कमळ त्यांच्याखाली सुटं राहत होतं.

ब्लाउजचा गळा खोल आणि रुंद असता, सोनं साठ ग्रॅम असतं, किंवा चांदीचा पर्याय मान्य असता, तर मी मोरांना नाही म्हटलं नसतं. पिसं अकराची सहा करून आणि पदकाला बिजागऱ्या देऊन तो हार उभा राहिला असता. मायलेकींनी कमळ घेतलं. कारागिराला मी तीन बदल लिहून दिले: पाच पाकळ्या बाजूने दिसतील अशा, कड्या वर आणि कडेला, आणि मागची साखळी पाच मिलिमीटर रुंद, चपट्या विणीची. या रुंदीने दोन ग्रॅम वाढतात. ते भरून काढायला दोन्ही सरांचे मिळून वीसेक मणी कमी करून साखळी तेवढी पुढे आणली. नवीन रेखाटन त्याच मापात, मागच्या बाजूसकट मागवलं आहे.