नळी तोंडातूनच ठेवायची की गळ्यातून?

काकू आणि मुलांनो,

काकांना व्हेंटिलेटरवर घेऊन आज १२ दिवस झाले. न्यूमोनिया उतरणीला लागलाय. ताप नाही, ऑक्सिजन ८० टक्के द्यावा लागत होता तो ४० वर आलाय. आठव्या दिवशी नळी काढली होती, पण खोकल्यात जोर नसल्यानं कफ छातीत साचला आणि त्याच रात्री ती परत घालावी लागली. आता अडचण आहे ती अंगातल्या ताकदीची.

तोंडातली नळी स्वरयंत्राच्या मधून खाली जाते. ती सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषध द्यावं लागतं. औषध कमी केलं की काका नळी चावतात, हात सोडवायला बघतात. वाढवलं की निपचित पडतात आणि स्नायू आणखी झिजतात. या फेऱ्यातच आपण अडकलोय. दोन-चार दिवसांत नळी निघेल असं वाटत असतं तर मी थांबा म्हटलं असतं. गळ्याला छेद द्यावाच लागला नसता.

ट्रॅकिओस्टॉमीत नळी गळ्याच्या खालच्या भागातून थेट श्वासनलिकेत बसते. तोंड आणि स्वरयंत्र मोकळं राहतं. गुंगी बरीचशी बंद करता येते, कफ ओढणं सोपं जातं, खुर्चीत बसवून व्यायाम घेता येतो. दिवसा काही तास व्हेंटिलेटर काढायचा, दमले की परत जोडायचा, असंही करता येतं. तोंडातल्या नळीनं ते इतकं सहज जमत नाही. सुरुवातीला आवाज मात्र निघणार नाही, हे आधीच सांगतो.

धाकट्यानं विचारलं, मग आधीच का नाही केलं? ब्रिटनमधल्या ‘ट्रॅकमॅन’ अभ्यासात (२०१३) पहिल्या ४ दिवसांत ट्रॅकिओस्टॉमी केल्यानं जास्त जीव वाचले नाहीत. उलट दहा दिवस थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती लागलीच नाही. म्हणून थांबलो होतो.

धोके आहेत. रक्तस्राव होऊ शकतो. मला जास्त काळजी पहिल्या आठवड्याची वाटते: वाट पक्की झालेली नसते, तेव्हा कूस बदलताना नळी निसटली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून त्यांना वळवताना एक नर्स फक्त नळी धरून उभी असेल. पुढे क्वचित श्वासनलिका अरुंद होते. ताकद आल्यावर नळी काढली की भोक बहुधा काही दिवसांत आपोआप बुजतं.

यानं न्यूमोनिया बरा होत नाही, आणि काका नक्की सुटतील अशी हमीही मी देत नाही. पण त्यांच्यासाठी मी ट्रॅकिओस्टॉमीच सुचवेन. ती आयसीयूतच, बेडवर करतो.

तुमचा होकार असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवा. रक्त पातळ करणारं रात्रीचं इंजेक्शन त्याप्रमाणे थांबवावं लागेल.