बाली की तिबिलिसी? आधी घड्याळ बघा

परदेशात राहून काम केलं तरी आमचं ऑफिस भारतातल्या वेळेनं दहा ते सात. बाली अडीच तास पुढे, म्हणजे तिथे साडेबारा ते साडेनऊ, सकाळी पोहून, निवांत नाश्ता करून लॅपटॉप उघडायचा, पण सूर्यास्त रोज मीटिंगमध्येच जातो, साडेसहाला अंधार होतो ना तिकडे.

जॉर्जियातलं तिबिलिसी दीड तास मागे. साडेआठला बसलं की साडेपाचला सुटका आणि जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड! फक्त लवकर उठायचं. (माझं तिथेच घोडं अडतं.)

तरी मी तिबिलिसीच घेईन, कारण बालीत साडेबारा डोक्यात ठेवून फिरावं लागतं, लांब गेलं की ट्रॅफिकची धाकधूक. काझबेगीच्या डोंगरांसारखं लांबचं मात्र शनिवारीच, रविवार रिकामा.