अक्ष, ॲक्सिस की कोपर? रोबोटच्या कामाचे कागद कोणत्या मराठीत लिहावेत

रोबोट चालवणाऱ्या पोरांसाठी मराठीत सूचना लिहायला बसलं की पहिल्या तासातच रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक परिभाषा कोशाच्या वळणाचा: अक्ष, अंत्य प्रभावक, शिक्षण पेंडंट. दुसरा शॉपफ्लोअरवरचा: ॲक्सिस, एंड इफेक्टर, टीच पेंडंट, फक्त लिपी देवनागरी. मी दोन्हीकडून जाऊन आलोय. आता तिसऱ्याच पायवाटेवर आहे, पण ती सगळ्यांच्या सोयीची असेलच असं नाही.

पहिल्या फाट्याची बाजू आधी मांडतो, कारण त्याची उगाच टिंगल होते. आयटीआयतून आलेल्या पोरानं शाळेत आलेख मराठीतच काढलेले असतात. X-अक्ष, Y-अक्ष हे शब्द त्याला नवे नाहीत. भाषा संचालनालयाच्या कोशांत अशा शब्दांची शिस्तही असते. एका अर्थाला एक शब्द धरला की पुस्तकभर तोच. डिप्लोमाचं पाठ्यपुस्तक लिहायचं असेल तर मी आजही याच बाजूला जाईन. ‘अंत्य प्रभावक’ मात्र तिथंही घशात अडकतो. तो म्हटल्यावर डोळ्यांपुढे ना ग्रिपर येतो, ना टॉर्च.

दुसऱ्या फाट्याचा फायदा उघड आहे: माणसं असंच बोलतात. ‘पेंडंट’ला तर मराठी शोधायची गरजच नव्हती. क्रेनच्या लोंबत्या बटणांच्या डब्याला आपल्याकडे आधीपासून पेंडंटच म्हणतात. नवीन पोराला ‘रोबोटचा पेंडंट’ म्हटलं की तो बरोबर हातात घेतो.

आता माझं ज्यावर बिनसलं ते. आमचा हात सहा ॲक्सिसचा, फॅनकचा. पार्ट फिक्श्चरमधून उचलून पुढच्या मशिनला द्यायचा. मधेच सायकल थांबली तर ग्रिपर हातानं, म्हणजे पेंडंटवरून, वर कसा काढायचा याचा एक कागद मी लिहून सेलला चिकटवला होता. त्यातली ओळ अशी:

‘तिसरा अक्ष धन दिशेने चालवून अंत्य प्रभावक वर घ्यावा.’

माझ्या डोक्यात तिसरा म्हणजे X, Y, Z मधला तिसरा. पण या पेंडंटवर जॉगच्या एकाच बटणावर Z आणि J3 दोन्ही छापलेलं असतं. बटण त्यातलं कोणतं काम करणार हे COORD दाबून काय निवडलंय त्यावर ठरतं. WORLD असेल तर ग्रिपर सरळ वर जातो. JOINT असेल तर फक्त J3, म्हणजे हाताचा तिसरा सांधा, कोपर, फिरतं.

त्या दिवशी JOINT होतं. बटण दाबणारा पोरगा आमच्याच स्कारा रोबोटच्या लाइनवरून आलेला, आणि बहुतेक स्कारांमध्ये J3 हाच खालीवर सरकणारा ॲक्सिस असतो. म्हणजे त्याच्या सवयीनं तो बरोबर, माझ्या कागदाप्रमाणे बरोबर, आणि फिक्श्चरची पिन वाकडी. “सर, तिसराच अक्ष दाबला की,” एवढंच तो म्हणाला. त्याला काय बोलणार?

पिन का वाकली याचा हिशोब सोपा आहे. कोपरापासून ग्रिपर आडवा साधारण ७०० मिमी पुढे होता आणि ३०० मिमी खाली. अशा वेळी कोपर फिरवलं की ग्रिपर वर्तुळाच्या कडेनं चालतो. दर ७ मिमी वर जाताना तो जवळजवळ ३ मिमी पुढेही सरकतो आणि थोडा कलतोही. पिन १५ मिमी उंच. पार्ट तिच्यातून सुटेपर्यंत ६ मिमी पुढे जाणार, आणि भोकात मोकळीक अर्धा मिमीही नाही. वेग अगदी कमी होता, T1 या हळू चालवायच्या मोडमध्ये तर टोकाचा वेग सेकंदाला २५० मिमीच्या पुढे जातच नाही. पण वाकायला वेग लागत नाही.

मी लगेच कागद दुसऱ्या पद्धतीनं लिहिला: ‘थर्ड ॲक्सिस प्लसला जॉग करून एंड इफेक्टर वर घ्या.’ वाचायला सुटसुटीत वाटला. रात्री घरी जाताना लक्षात आलं की चूक जशीच्या तशी आहे, फक्त कपडे बदललेत. इंग्रजीत सांध्याच्या फिरण्याची रेघ आणि आलेखाची रेघ दोन्ही ॲक्सिसच. इंग्रजी शब्द उचलला की तो गोंधळही पदरात घेतला.

गंमत म्हणजे मराठीनं हा भेद शाळेतच केलेला आहे. भूगोलात पृथ्वी स्वतःच्या आसाभोवती फिरते, गणितात बिंदू अक्षावर मांडतात. मला वाटलं, सापडलं! J1 ते J6 हे आस, X-Y-Z हे अक्ष. दोन दिवस तसं बोलून पाहिलं. ‘तिसरा आस’ म्हटलं की पोरं ‘कसली आस लागली सर?’ म्हणून हसायची. सोडून दिलं. कुणाच्या वर्गात चालला तर मला आनंदच होईल.

शेवटी जो कागद टिकला तो असा:

‘COORD दाबून स्क्रीनवर WORLD आणा. दिसलं का, पाहा. मग +Z दाबून ग्रिपर सरळ वर घ्या.’

स्क्रीनवर किंवा बटणावर जे छापलंय ते तसंच, रोमनमध्ये; कारण पोराला ते डोळ्यांनी जुळवायचं असतं. क्रियापद आणि दिशा मराठी. आणि सांध्यांना बोलताना अंगाची नावं: J1 कंबर, J2 खांदा, J3 कोपर, J4 ते J6 मनगट. ‘कोपर उचललं तर हात सरळ वर जातो का?’ एवढं विचारलं की पोरगा स्वतःचा हात हलवून बघतो आणि पिनची गोष्ट सांगावी लागत नाही.

‘टीच’साठीही असंच. पॉइंट शिकवा म्हणायची गरज नाही, आमच्याकडे ‘पॉइंट घे’ म्हणतात आणि काम होतं. डेडमॅन स्विचला मात्र साधी मराठीही जपून वापरावी लागली. ‘दाबून धरा’ लिहिलं तर माणूस घाबरून मूठ आवळतो, आणि हा स्विच सोडला तरी थांबवतो, पूर्ण आवळला तरी थांबवतो. म्हणून आता ‘अर्धा दाबून धरा’ लिहितो.

माझ्या पद्धतीची खोटही सांगायला हवी. स्काराला कोपर वगैरे नावं धड बसत नाहीत, तिथं J3 ला सरळ ‘खालीवर’ म्हणतो. आणि एंड इफेक्टरसाठी सगळ्यांना सामावणारा शब्द माझ्याकडे नाहीच. ‘पंजा’ ग्रिपरला शोभतो, व्हॅक्यूम कपला नाही. त्यामुळे जे लावलंय त्याचंच नाव लिहितो. परवा तोच कागद वेल्डिंगच्या सेलला लावायचा होता, तेव्हा चार ठिकाणी ‘ग्रिपर’ खोडून ‘टॉर्च’ करावं लागलं. एक राहून गेलं होतं, ते पोरांनीच पेननं दुरुस्त केलं.