तीस मुलांच्या क्लाससाठी प्रोजेक्टर की मोठा टीव्ही? दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

गणित आणि विज्ञानाच्या क्लासच्या आमच्या दोन खोल्या आहेत. दोन्हींची मापं जवळपास सारखी, सात मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद. प्रत्येक खोलीत तीस मुलं बसतात आणि शेवटचा बाक फळ्यापासून साधारण सहा मीटरवर येतो. एका खोलीत 3300 ल्युमेन प्रकाश देणारा, छतावर टांगलेला प्रोजेक्टर आहे आणि त्याचं चित्र 100 इंचांचं पडतं. दुसरीत 65 इंची स्मार्ट टीव्ही आहे. नवीन वर्षाचे वर्ग सुरू झाल्यापासून दोन्ही रोज चालतात आणि धडे दोन्हींकडे तेच असतात, त्यामुळे तुलना सरळ करता आली.

क्लाससाठी दोनच प्रश्न महत्त्वाचे आहेत असं माझं ठाम मत झालं आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलाला लिहिलेलं वाचता येतं का, आणि तेही दिवे चालू असताना? मुलं वहीत उतरवून घेत असतात, अंधार करून शिकवणं शक्य नाही. सिनेमासाठी पडदा घेणाऱ्यांचे सल्ले म्हणूनच आपल्या कामाचे नाहीत.

आधी प्रकाशाचं बोलतो. प्रोजेक्टर काळा रंग दाखवू शकत नाही. जिथे काळं अक्षर हवं तिथे तो प्रकाश टाकत नाही, एवढंच. तिथे जे दिसतं ते खोलीतल्या दिव्यांनी उजळलेल्या भिंतीचंच असतं. 100 इंची चित्राचं क्षेत्रफळ सुमारे पावणेतीन चौरस मीटर. 3300 ल्युमेन त्यावर पसरले की पूर्ण ताकदीत दर चौरस मीटरला सुमारे 1200 ल्युमेन, म्हणजेच 1200 लक्स मिळतात. पंख्याचा आवाज कमी राहावा म्हणून आम्ही तो इको मोडवर चालवतो, तेव्हा 800 च्या आसपास धरायचे. फळ्याच्या वरची ट्यूबलाइट चालू असेल तर भिंतीवर तिचाच प्रकाश 250 लक्स पडतो (फोनमधल्या लक्स मीटरने अंदाज घेता येतो). म्हणजे पांढरी जागा 1050 आणि काळं अक्षर 250, जेमतेम चौपट फरक. मजकूर राखाडी आणि मळकट दिसतो, आलेखातल्या पिवळ्या आणि फिक्या हिरव्या रेषा तर दिसतच नाहीत.

ती एकच ट्यूबलाइट बंद केली की भिंतीवरचा प्रकाश 60 लक्सवर येतो आणि फरक चौदापटीच्या वर जातो. बाकांवरचे दिवे चालूच राहतात, मुलं आरामात लिहितात. आमच्याकडे सगळे दिवे एकाच बटणावर होते. वायरमनकडून पुढच्या ट्यूबचं बटण वेगळं करून घेतलं आणि प्रोजेक्टरची निम्मी तक्रार तिथेच मिटली. जास्त ल्युमेनचं यंत्र घेण्याआधी हे करा. खिडकी फळ्याच्या समोरच्या भिंतीत असेल तर मात्र तिला जाड पडदा लागतोच.

टीव्हीला यातलं काहीच लागत नाही. भर दुपारी सगळे दिवे चालू ठेवूनही अक्षर काळंभोर दिसतं. त्याचा त्रास वेगळा: चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइटची किंवा खिडकीची प्रतिमा उमटते आणि ती ठरावीक बाकांनाच दिसते. शिक्षकाला फळ्याजवळून ती कळत नाही. त्यासाठी प्रत्येक कोपऱ्यात स्वतः बसून पाहावं लागतं. आम्ही टीव्हीचा वरचा भाग थोडा पुढे झुकवला, तेव्हा प्रतिमा वर सरकून पडद्याबाहेर गेली.

आता अक्षराचा आकार. इथे टीव्ही हरतो. 65 इंच ऐकायला मोठं वाटतं, पण हे माप कर्णाचं आहे, उंची भरते 81 सेंटीमीटर. मजकूर वाचायचा असेल तर सर्वांत लांबचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा दूर नसावा, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशोबाने 65 इंची टीव्ही 4.9 मीटरपर्यंत पुरतो, 75 इंची 5.6 मीटरपर्यंत आणि 100 इंची चित्र साडेसात मीटरपर्यंत. आमचे शेवटचे दोन बाक 65 इंचांच्या हद्दीबाहेर आहेत, आणि अनुभवही अगदी तसाच आला. 'सर, खालचा घातांक दोन आहे की तीन?' हा प्रश्न टीव्हीच्या खोलीत नेहमी मागूनच येतो. वेलांट्या, उकार आणि रफार यांचाही तोच प्रश्न आहे, कारण मूळ अक्षर वाचता आलं तरी त्याच्या वर-खाली काय आहे ते चुकतं.

यावर उपाय म्हणजे स्लाइड पुन्हा मांडणं. प्रोजेक्टरवर 28 चा फाँट शेवटपर्यंत वाचता येतो, टीव्हीवर तीच वाचनीयता यायला 40 लागतो. म्हणजे जिथे बारा ओळी मावत होत्या तिथे आठच मावतात, आणि लांबलचक उदाहरण दोन स्लाइडवर तुटतं. प्रश्नपत्रिकेची पीडीएफ अख्खं पान दिसेल अशी टीव्हीवर लावणं तर निरर्थक आहे, ती रुंदीभर मोठी करून वर सरकवत न्यावी लागते. आणि 4के आहे म्हणून हा प्रश्न सुटेल अशी आशा ठेवू नका. सहा मीटरवरून डोळ्याला ते बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत, फुल एचडी आणि 4के तिथे सारखेच. प्रोजेक्टर घेताना मात्र 'नेटिव्ह' रेझोल्यूशन किती आहे ते नक्की बघा. '1080p सपोर्ट' असं लिहिलेल्या यंत्राचं खरं रेझोल्यूशन बरंच कमी असू शकतं, आणि 100 इंचांवर त्याचे ठिपके पुढच्या बाकाला मोजता येतात.

एक गोष्ट प्रोजेक्टरच्या बाजूने इतकी जड आहे की भूमितीसाठी मी ती खोली मागून घेतो. चित्र थेट पांढऱ्या फळ्यावर पाडलं की वर्तुळ प्रोजेक्टरचं आणि स्पर्शिका मार्करने काढलेली, असं शिकवता येतं. आकृती तशीच ठेवून मुलगा पुढे येतो, रचना काढतो, पुसतो, पुन्हा काढतो. साध्या टीव्हीवर हे होत नाही. गुळगुळीत फळ्यावर दिव्याचा एक झगझगीत ठिपका दिसतो, त्यामुळे नुसतं वाचायचं असेल तेव्हा चित्र शेजारच्या मॅट भिंतीवर घेतलेलं बरं.

देखभालीत टीव्ही सरळ पुढे आहे. प्रोजेक्टरची जाळी धुळीने भरते. पंखा जोरात फिरू लागला आणि चित्र मंद झालं की जाळी साफ करायची वेळ झाली असं समजावं. दिवाही आयुष्य सरत येईल तसा मंदावत जातो, आणि हे इतक्या हळू घडतं की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून नवा असताना लक्स मोजून लिहून ठेवावेत. टीव्हीत फक्त दोन सेटिंग बदलावी लागली: खोलीतल्या उजेडानुसार आपोआप मंद होणारा मोड बंद केला, आणि स्लाइडच्या कडा कापल्या जात होत्या म्हणून चित्र 'स्क्रीन फिट'वर टाकलं.

कुठलं घ्यावं असं विचारणाऱ्याला मी आधी टेप घेऊन पडद्याच्या जागेपासून शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर मोजायला सांगतो. साडेपाच मीटरच्या आत असेल तर 75 इंची टीव्ही घ्यावा, 65 इंची नाही. त्याची खालची कड जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवावी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमागे तळाच्या ओळी जातात. अंतर त्याहून जास्त असेल, किंवा भूमिती आणि आकृत्यांवर जास्त वेळ जात असेल, तर प्रोजेक्टर आणि पुढच्या ट्यूबलाइटला वेगळं बटण. आमच्या टीव्हीच्या खोलीत आता बाक चारऐवजी पाच उभ्या रांगांत, पण एकमेकांना अधिक चिकटून लावले आहेत. शेवटचा बाक पाच मीटरच्या जरा आत आला आहे आणि मागून येणारे घातांकाचे प्रश्न बरेच कमी झाले आहेत.