‘से.’ की s, ‘सोडला गेला’ की ‘सोडला’: एका प्रकल्प अहवालाची दुरुस्ती

आठवीतल्या एका मुलीने लंबकाच्या प्रकल्पाचा अहवाल माझ्याकडे तपासायला दिला. त्यातला एक उतारा असा होता:

> ५० से.मी. दोरीला गोळा बांधण्यात आला. आमच्याद्वारे लंबक सोडला गेला. २० दोलनांना २८.४ से. लागले. नंतर दोरी १०० से.मी. करण्यात आली. २० झोक्यांना २०.१ से. लागले.

यात एककं, वाक्यरचना आणि संज्ञा अशा तीन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत. सुरुवात मी संज्ञांपासून करेन, कारण इथे भाषेच्या चुकीआड प्रयोगातली चूक दडली आहे. लंबक लांब केला की त्याचं दोलन सावकाश व्हायला हवं. इथे मात्र दुप्पट लांबीचा लंबक जास्त वेगाने हलताना दिसतो. विचारल्यावर कळलं, की पहिली नोंद तिने घेतली होती आणि दुसरी तिच्या मैत्रिणीने. हिचं ‘दोलन’ म्हणजे जाऊन परत येणं, तर तिचा ‘झोका’ म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. झोका अर्धाच असल्याने २० पूर्ण दोलनांचा वेळ ४०.२ सेकंद होतो, आणि सूत्रानेही साधारण तेवढाच येतो.

मग ‘दोलन’ ठेवायचं की ‘झोका’? वाचायला झोका गोड, पण मी दोलन निवडेन. पाठ्यपुस्तकात जी संज्ञा असेल तीच घ्यावी, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात तिचा अर्थ सांगावा आणि पुढे ती बदलू नये. निबंधात तोच शब्द पुन्हा आला की आपण बदलतो. ती सवय इथे सोडावी लागते. ‘दोरीची लांबी’ आणि ‘लंबकाची लांबी’ यांचंही तसंच आहे. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजतात. १ सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा ५० सेंटिमीटर दोरीला बांधला तर फरक जेमतेम १ टक्का पडतो, पण १० सेंटिमीटर दोरीला तोच गोळा असेल तर दोलनाच्या वेळात जवळपास ५ टक्क्यांचा फरक येतो.

एककांसाठी तीन पर्याय आहेत. ‘से.’ हे संक्षिप्त रूप सोयीचं वाटतं, पण सेकंद, सेंटिमीटर आणि सेल्सिअस तिन्ही ‘से’नेच सुरू होतात. अहवालात तापमानही आलं तर वाचणारा अडखळणार. पूर्ण शब्द लिहिले तर गोंधळ उरत नाही, फक्त तक्त्याचे रकाने फुगतात. तिसरा पर्याय आंतरराष्ट्रीय चिन्हांचा: 50 cm, 28.4 s. त्यात अंक आणि चिन्ह यांच्यामध्ये जागा सोडायची, चिन्हापुढे टिंब द्यायचं नाही, आणि सेकंदासाठी sec नव्हे तर s, ग्रॅमसाठी gm नव्हे तर g लिहायचं. माझा कौल असा: मजकुरात पूर्ण शब्द, तक्त्यात आणि सूत्रात चिन्हं. अहवालात सूत्रं नसतीलच तर सगळीकडे पूर्ण शब्द चालतील. ‘ग्राम’ मात्र कुठेही नको. ते गाव झालं, वजनाचं माप ‘ग्रॅम’. (संगणकावर ‘से’ शोधून एकदम s करायला जाऊ नका, ‘कसे’ आणि ‘जसे’ यांचीही वाट लागेल.)

आता ‘सोडला गेला’. विज्ञानाच्या लेखनात कर्ता दिसू नये, असं मुलांना कुणीतरी सांगितलेलं असतं. पण मराठीत त्यासाठी ‘गेला’ची गरजच नाही. ‘आम्ही लंबक सोडला’ यात क्रियापद आधीच लंबकाप्रमाणे चालतं. ‘आम्ही’ काढलं की ‘लंबक सोडला’ उरतं, आणि तेवढं पुरतं. उलट ‘माझ्याकडून बोललं गेलं’ म्हणजे बोलायचं नव्हतं, तरी तोंडातून निघालं. ‘सोडला गेला’मध्येही तीच छटा डोकावते, जणू हातातून निसटला. ‘बांधण्यात आला’ चुकीचं नाही, पण दर वाक्यात आलं की सरकारी परिपत्रक वाटतं. ‘आमच्याद्वारे’ तर सरळ खोडावं. कर्ता कुठे ठेवायचा? कोणी काय केलं यावर मोजमाप अवलंबून असेल तिथे, म्हणजे इथे नोंद घेणाऱ्या दोघींच्या बाबतीत.

दुरुस्तीनंतरचा उतारा:

> गोळा जाऊन परत आला की एक दोलन मोजले. लंबकाची लांबी ५० सेंटिमीटर ठेवून गोळा सोडला. २० दोलनांना २८.४ सेकंद लागले. ही नोंद मी घेतली. नंतर लांबी १०० सेंटिमीटर केली. २० दोलनांना ____ सेकंद लागले. ही नोंद मैत्रिणीने घेतली.

शेवटच्या नोंदीचा आकडा मी रिकामा ठेवायला सांगितला. २०.१ची दुप्पट करून तिथे लिहिणं सोपं होतं, पण मैत्रिणीने नक्की कुठून मोजायला सुरुवात केली हे तिलाही आठवत नव्हतं. दोघींनी तो प्रयोग पुन्हा केला.